भोंग्यावरचा निकाल

आमच्या बाजार समितीच्या आवारात रोज सकाळी सौदा सुरू होण्याआधी भोंगा वाजतो. त्या भोंग्यातून जो भारदस्त आवाज येतो तो माझा. हे काम खरं तर शिपायाचं. पण शिपाई 'आवाहन'ला 'अवाहन' म्हणतो आणि मला माझा आवाज आवडतो, त्यामुळे समितीचा सचिव असूनही मी हे काम कुणाला सोडलेलं नाही. आमची बायको म्हणते, तुमच्या हातात माइक दिला की तुम्ही सत्यनारायणाच्या पूजेतही परिपत्रक वाचाल. ती म्हणते ते खोटं नाही.

मला अभिमान वाटावा अशी दुसरी गोष्ट म्हणजे माझं व्याख्यान. लातूरला नव्या सचिवांचं प्रशिक्षण असलं की मला बोलावतात. विषय ठरलेला: समितीचं प्रशासकीय काम आणि अर्धन्यायिक काम यांतला फरक. ऐकायला रुक्ष वाटतो, पण मी रंगवून सांगतो. हळदीचा सौदा दहाऐवजी अकराला घ्यायचा, सोयाबीन या शेडमधून त्या शेडमध्ये न्यायचं, हे झालं प्रशासकीय काम. इथे सोय बघायची आणि ठरवून मोकळं व्हायचं. एकेका हमालाला बोलावून 'बाबा, तुझं म्हणणं काय' असं विचारत बसलो तर सौदा दिवाळीनंतरच होईल. पण एखाद्यावर आरोप आहे, पुरावा तपासायचा आहे आणि त्यावरून त्याचा परवाना काढून घ्यायचा आहे, तिथे समिती न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेली असते. मग आरोप काय तो लिहून द्या, ज्या कागदांवर विसंबलात ते दाखवा, त्याचं ऐका. ज्याने ऐकलं त्यानेच ठरवा, ज्याचा हितसंबंध आहे त्याने उठून जा आणि निकालाची कारणं लिहा. एवढं सांगून मी चष्मा काढतो आणि माझं ठेवणीतलं वाक्य टाकतो: "आदेशावर नाव काय लिहिलंय ते बघू नका. त्या आदेशाने माणसाचं काय होतं ते बघा." टाळ्या पडतात. जेवणात मला आधी वाढतात.

आता माझ्या हुशारीची गोष्ट सांगतो.

सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला होता. एका दुपारी सभापती साहेबराव माझ्या खोलीत आले आणि तक्रारीचा कागद माझ्या टेबलावर टाकला. तक्रार बसवराज अडत्याची. त्याच्या दुकानावर वैजनाथ नावाच्या शेतकऱ्याचा माल तोलला गेला आणि तो वजनात कमी भरला. वैजनाथ घरून तोलून आला होता, त्यामुळे त्याने दुकानात आरडाओरडा केला. बसवराजने लिहिलं होतं की त्या दिवशी काट्यावर तोलार सटवाजी होता, त्यानेच काटा मारला.

तोलार म्हणजे काट्यावर उभा राहून माल तोलणारा परवानाधारक. कुठल्या दुकानावर कुठला तोलार जाणार हे समिती पाळीने ठरवते. सटवाजी हा आमच्याकडचा जुना तोलार. आवाज मोठा, डोकं तापट, आणि कुणाचंही ऐकून न घेण्याची सवय. पहिलं पोतं काट्यावर चढलं की तो जुन्या रीतीने 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो आणि असा ओरडतो की माझ्या खोलीची काच हलते. खरं सांगायचं तर तो मला फारसा आवडत नव्हता. आवारात माझ्यापेक्षा मोठा आवाज असणारा तो एकटाच होता.

"अप्पा, ह्याला उद्यापासून यार्डात दिसू देऊ नका," साहेबराव म्हणाले.

"परवाना रद्द करायचा म्हणजे नोटीस द्यावी लागेल, साहेब. कायद्यात साफ लिहिलंय, कारण दाखवायची वाजवी संधी दिल्याशिवाय परवाना निलंबितही करता येत नाही. मग सुनावणी घ्यावी लागेल, आणि..."

"हंगाम संपल की तवर! ते व्याख्यान लातूरला द्या. मला वाट काढून द्या."

साहेबराव आणि बसवराज व्याही आहेत, हे मला माहीत होतं. वाट काढून देणारा सचिव म्हणून माझी ख्याती आहे, हेही माहीत होतं. दोन्हींपैकी दुसरी गोष्ट मला जास्त गोड लागली. मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं, कारण विचार करताना बाहेर बघितलं की माणूस खोल वाटतो. मग म्हणालो, "परवान्याला हात लावायचाच नाही. परवाना राहू दे त्याच्या खिशात. फक्त पाळी द्यायची नाही. पाळी कुणाला द्यायची हा प्रशासकीय विषय. त्याला नोटीस लागत नाही, सुनावणी लागत नाही, अपीलही नाही."

साहेबरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझी पाठ अशा थापांना फार लवकर विरघळते.

आदेश मी स्वतः लिहिला. 'प्रशासकीय कारणास्तव तोलार सटवाजी यांना पुढील आदेशापर्यंत पाळी वाटपातून वगळण्यात येत आहे.' बस. ना आरोप, ना शिक्षा. 'प्रशासकीय कारणास्तव' या दोन शब्दांवर आमचं अर्धं सरकार चालतं. मी तो कागद दोनदा वाचला आणि मनात म्हटलं, राजशेखरअप्पा, तुझ्यासारखा तूच.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचं वेगळं झालं असतं. पण सकाळी भोंगा माझी वाट बघत होता. मी आदेश वाचला. समोर सगळं आवार उभं होतं. शेतकरी, अडते, हमाल, सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. एवढी माणसं ऐकत असताना नुसतं एक कोरडं वाक्य वाचून माइक बंद करणं माझ्या स्वभावात नाही. मी पुढे म्हणालो, "शेतकरी बांधवांनो! तुमच्या घामाच्या मालाला काटा मारणाऱ्याची ही समिती गय करणार नाही! असे लोक या आवारात परत उभे राहणार नाहीत!"

काय टाळ्या पडल्या! एका शेतकऱ्याने तर शिट्टी मारली. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते मी मागून घेतलं आणि स्वतःच्या स्टेटसला लावलं, पुढे रोज नव्याने. वर लिहिलं: 'कर्तव्यकठोर'.

सटवाजी त्याच दिवशी माझ्या खोलीत आला. दारातूनच ओरडला, "सायेब, म्या काटा मारला असं कोन म्हनलं?"

"आदेशात तसं काही नाही," मी शांतपणे म्हणालो. "आदेश प्रशासकीय आहे."

"भोंग्यावर तर तुम्हीच बोंबलले!"

"ते भाषण होतं. आदेश वेगळा, भाषण वेगळं."

"कुनाचं पोतं? कवाचं? कुन्या दुकानावरचं? मला सांगा तर खरं!"

बसवराजचा कागद माझ्या कोपराखालीच होता. त्यावर तारीख होती, दुकान होतं, शेतकऱ्याचं नाव होतं. मी त्यावर दुसरं कोपरही ठेवलं. "प्रशासकीय बाबीत तक्रार दाखवणं बंधनकारक नसतं," मी म्हणालो, आणि त्याला उभं ठेवून व्याख्यानाचा पहिला भाग ऐकवला. परवाना हा हक्क आहे, त्याला आम्ही हात लावलेला नाही. पाळी ही सोय आहे, सोयीवर कुणाचा हक्क नसतो. मी फार सोपं करून सांगत होतो. सटवाजीने पागोटं काढून डोकं खाजवलं.

"म्हंजे परवाना हाय, पर काम न्हाई."

"बरोबर."

"मंग परवान्याचं काय लोनचं घालू?"

तो पाय आपटत गेला. मी त्याला उर्मट म्हणून मनात नोंदवलं.

पुढचे काही आठवडे तो काम शोधत हिंडला. धर्माबादला गेला, देगलूरला गेला. परक्या ठिकाणी त्याचा परवाना चालत नव्हता, पण जुन्या ओळखीवर खाजगी गोदामात तोलायला कुणीतरी उभं करील अशी त्याला आशा होती. देगलूरच्या एका गोदामवाल्याने त्याला ओळखलं, बसायला सांगितलं आणि मोबाइल काढून माझाच आवाज त्याला ऐकवला. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी मात्र स्टेटस किती जणांनी पाहिलं ते मोजत होतो.

एक दिवस त्याची बायको साखराबाई आली. ती आवारात सांडलेलं धान्य झाडून गोळा करायचं काम करते. ओरडणं, रडणं काही नाही. खुर्चीवर बस म्हटलं तर बसली नाही, खाली फरशीवर टेकली.

"अप्पा, यार्डात बाया मला काटामाऱ्याची म्हनून राहिल्या. पोरीला सोयरिक आली व्हती, ती मान्सं पुन्हा फिरकली न्हाईत. ह्या हुकमाला वर कुठं दाद हाय का?"

इथे एखादा शहाणा सचिव म्हणाला असता, नाही बाई, घरी जा. पण मला कायद्याचा प्रश्न विचारला की माझं तोंड आपोआप उघडतं. मी म्हणालो, "प्रशासकीय आदेशाला अपील नाही. परवाना रद्द केला किंवा निलंबित केला तर वर अपील असतं."

"मंग आमच्यासाठी काईच वाट न्हाई?"

"तशी एक आहे," मी चष्मा काढत म्हणालो. "पण ती अवघड आहे. तुम्हाला असं म्हणावं लागेल की हा आदेश नावाला प्रशासकीय आहे. खरं तर आरोप धरून एका माणसाला दिलेली ही शिक्षा आहे. 'पुढील आदेशापर्यंत' पाळी नाही म्हणजे परवाना निलंबित केल्यासारखाच आहे. म्हणून हे अर्धन्यायिक काम होतं, आणि नोटीस न देता, आरोप न सांगता, ऐकून न घेता केलं म्हणून ते टिकत नाही. असं म्हणता आलं पाहिजे. ते तुम्हाला कुठलं जमायला!"

साखराबाईने मान डोलावली. "हाव. पुन्हा एकदा सांगता का, अप्पा?"

मी पुन्हा एकदा सांगितलं. या वेळी अधिक सविस्तर, उदाहरणांसह. ती थेट तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे गेली. आठवण ताजी होती तोवर सगळं उतरवून घेतलं. जिल्हा उपनिबंधकांकडून अपिलाची प्रत आली तेव्हा वाचता वाचता मला वाटलं, अरे, काय सुंदर मुद्दे काढलेत, कोण वकील आहे हा? मग तिसऱ्या परिच्छेदात 'आदेशावर नाव काय लिहिलंय ते बघू नका' हे वाक्य आलं आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

नांदेडला सुनावणी झाली. जिल्हा उपनिबंधक मंजुश्री मॅडम म्हणजे कमी बोलणाऱ्या बाई. कमी बोलणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून भीती वाटते. मी उभा राहून सांगितलं की आदेश निव्वळ प्रशासकीय आहे, सबब अपील चालत नाही.

"पाळी सगळ्या तोलारांची बदलली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम. एकाचीच."

"का?"

"प्रशासकीय कारणास्तव."

"ते कोणतं?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. 'प्रशासकीय कारणास्तव' म्हटल्यावर पुढे कुणी 'कोणतं' असं विचारत नाही, असा माझा तीस वर्षांचा अनुभव होता. मी म्हणालो, "आवाराची शिस्त."

तेवढ्यात सटवाजीने पुढे होऊन मोबाइल टेबलावर ठेवला. माझाच आवाज खोलीत घुमला: काटा मारणाऱ्याची ही समिती गय करणार नाही! मागून टाळ्या, शिट्टी. चित्रणाच्या वरच्या बाजूला 'कर्तव्यकठोर' असं दिसत होतं. मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"हे कुठून मिळालं?" त्यांनी सटवाजीला विचारलं.

"सचिव सायबांच्याच स्टेटसावून."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, त्यापेक्षा वाईट म्हणजे कुतूहलाने. मग म्हणाल्या, "उद्या तुम्ही सगळ्यांची पाळी सोमवारऐवजी मंगळवारी ठेवली तर मी विचारणार नाही. ती तुमची व्यवस्था आहे. पण इथे एका माणसावर आरोप आहे, तुम्ही तो खरा धरला आणि त्याच्या परवान्याचा उपयोग संपवला. हा निवाडा आहे. आणि हा निवाडा नसून नुसता प्रशासकीय निर्णय जरी असता, तरी एकाच माणसाच्या पोटावर पाय येतोय म्हटल्यावर निदान त्याला विचारणं तुमच्यावर होतंच. आता कामाचं नाव काहीही असलं तरी किमान न्यायाने वागावं लागतं. नावावरून फक्त एवढं ठरतं की किती बारकाईने वागायचं. आणि इथे तर कायद्यानेच संधी द्यायला सांगितलंय."

आदेश रद्द झाला. पुढे कारवाई करायचीच तर रीतसर नोटीस द्या, तक्रारीची प्रत द्या, ऐका, कारणांसह ठरवा, असं त्यांनी लिहिलं. तक्रारदार सभापतींचा कोण लागतो, हे त्यांनी फाइल वाचून मला विचारलंच होतं; व्याही असल्याने सभापतींनी सुनावणीला बसू नये, असंही लिहिलं. तोवर पाळी द्या. म्हणजे व्याख्यानातलं सगळं, ओळीने. माझ्याच व्याख्यानाचा पेपर मला सोडवायला दिला होता आणि त्यात मी नापास झालो होतो.

पाळी मिळाली खरी, पण कामाचं काय! सटवाजी ज्या दुकानावर जाई तिथला शेतकरी आपला माल दुसरीकडे नेई. अडते त्याला म्हणत, बस बाबा, आज माल न्हाई. परवाना होता, पाळी होती, पण नाव गेलं होतं. मॅडमचा आदेश भोंग्यावर कुणी वाचला नव्हता. मी वाचला नव्हता, असं म्हणणं जास्त खरं आहे.

आता सुनावणी झाली तरच काही होणार होतं. दोषी ठरला तर परवाना जाईल, निर्दोष ठरला तर निदान तसं लिहून मिळेल. मी नोटीस काढली. तारीख, दुकान, शेतकरी, सगळं घातलं, बसवराजच्या तक्रारीची प्रत जोडली. टपाल शिपायाबरोबर पाठवलं. शिपाई परत आला आणि म्हणाला, "सायेब, नोटीस वाचून साखराबाई हासली."

मला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला.

सुनावणी समितीच्या सभागृहात झाली. साहेबराव नव्हते. उपसभापती दगडोबा मधे बसले, बाजूला दोन संचालक. दगडोबा पैलवान गडी, अडत्यांवर आधीच राग धरून असलेले. मी टेबलाच्या टोकाला, समितीची बाजू मांडायला, समोर कागदांचा गठ्ठा. दारात साखराबाई आणि गर्दी. बसवराज पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला भस्म.

मी आरोप वाचून दाखवला. बसवराजने सांगितलं, पाळी सटवाजीची होती, वजन कमी भरलं. दगडोबांनी सटवाजीला विचारलं, "तुला काय इचारायचं ते इचार ह्यांना."

सटवाजी उठला. मला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो पहिल्यांदाच हळू बोलला. "मालक, त्या दिशी काट्यावर कोन व्हतं?"

"पाळी तुझीच व्हती."

"पाळी कुनाची ते न्हाई इचारलं. उभं कोन व्हतं?"

बसवराजने कपाळावरचा घाम पुसला. भस्म हाताला लागलं. "आता एवढ्या दिवसांनी कसं आठवावं?"

"मी सांगू? तुमचा दिवानजी. म्या दुकानात येऊन सांगून गेल्तो, मला बोलावनं आलंय, दुसरा तोलार लावून देतो. तुम्ही म्हनले, राहू दे, मी बघतो. म्या त्या दिशी यार्डातच न्हवतो."

सभागृहात कुजबुज झाली. तोलार आपसात पाळीची अदलाबदल करतात, तातडीचं काम निघालं तर जातात, हे आवारात सगळ्यांना माहीत असतं. फक्त माझ्या कागदाला माहीत नसतं. मी आवाज चढवून म्हणालो, "समितीला पुरावा हवा. तुम्ही यार्डात नव्हतात तर कुठे होतात? कुणाच्या बोलावण्यावरून गेलात? ते नाव घ्या!"

असा करडा प्रश्न विचारला की मी थोडा वेळ थांबतो. थांबलो.

"तुमच्या," सटवाजी म्हणाला.

"काय?"

"तुमच्या घरी व्हतो, सायेब. अंबिकाताईचा साखरपुडा. हुग्गीची कढई उतरवायला गडी पाठवा म्हनून तुमचाच फोन आल्ता मुकादमाला. म्या आन् दोघं गेल्तो. दुपारपर्यंत व्हतो. जाताना तुम्हीच मला डबा भरून दिला. म्हनले, सटवाजी, पोरांना दे."

मी नोटिशीवरच्या तारखेवर बोट ठेवलं.

माझ्या लेकीच्या, अंबिकाच्या साखरपुड्याची तारीख मला पाठ होती. पत्रिका मीच लिहिली होती, 'चि. सौ. कां.' कुठे घालायचं यावरून प्रेसवाल्याशी भांडलो होतो. बसवराजच्या तक्रारीवरची तारीखही पाठ होती, नोटिशीत मीच घातली होती. दोन्ही तारखा एकच. एकाच डोक्यात इतके दिवस शेजारी राहिल्या आणि त्यांची ओळख झाली नाही. मी किरकोळ रजा टाकून गव्हाच्या खिरीची ती अवजड कढई बघत उभा होतो, आणि तिचा एक कान धरून सटवाजी वाकला होता. मला त्याचा लाल झालेला चेहरा दिसला. तो ओरडला होता, 'लाभ!' आणि आमच्या घरचे सगळे हसले होते. मीही.

माझा पहिला विचार मात्र कायद्याचाच होता, हे सांगायला लाज वाटते. मी दगडोबांना म्हणालो, "समितीची बाजू मांडणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही."

"मंग बाजू मांडू नका," दगडोबा म्हणाले. "तिथून उठा आन् इकडं बसा. खरं हाय का खोटं, येवढं सांगा."

मी कागदांचा गठ्ठा तिथेच ठेवला, टेबलाला वळसा घातला आणि ज्या स्टुलावर मी आजवर दुसऱ्यांना बसवत आलो त्यावर बसलो. ते एका पायाने डुगडुगतं, हे मला तेव्हा कळलं. दारातली गर्दी मान लांब करून बघत होती. साखराबाई हसत नव्हती.

"खरं आहे," मी म्हणालो. "तो माझ्या घरी होता. मीच बोलावलं होतं."

मग मी सटवाजीकडे वळलो. राग आला होता, आणि कुणावर आला होता ते कळत नव्हतं. "अरे, मग पहिल्याच दिवशी माझ्या खोलीत आलास तेव्हा का नाही सांगितलंस?"

"कवाचं पोतं ते तुम्ही सांगितलंच न्हाई," सटवाजी म्हणाला. "म्या तीनदा इचारलं. तुम्ही मला कायदा सांगून राहिलते."

मी मान खाली घातली. एक तारीख. नुसती तारीख सांगितली असती तर अर्ध्या मिनिटात, उभ्या उभ्या प्रकरण संपलं असतं. मी आयुष्यभर सांगत आलो की नोटीस आणि सुनावणी म्हणजे समोरच्या माणसाचा मान. ते खरंच आहे. पण ती माझ्या डोळ्यांवरची झापडही काढते, हे व्याख्यानात कधी आलं नव्हतं. ऐकून घेतलं नाही म्हणून सटवाजीचं नाव गेलं, पोरीची सोयरिक फिरली, आणि ज्याला सगळं माहीत होतं तो मी स्टेटस मोजत बसलो. मला फार वाईट वाटलं. स्टुलावर बसून वाईट वाटणं खुर्चीतल्यापेक्षा वेगळं असतं.

दगडोबांचा पारा चढला होता. टेबलावर मूठ आपटून बसवराजला म्हणाले, "तुझी अडत आत्ता बंद! सचिव, लिहा, ह्याचा परवाना रद्द!"

गर्दी खूश झाली. बसवराजचं तोंड पांढरं पडलं. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "नाही, उपसभापती. असं करता येत नाही."

"तुम्ही अजून त्याचीच बाजू घेता?"

"बाजू नाही. त्यांनाही आधी नोटीस द्यावी लागेल. आरोप लिहून, तारीख घालून. वैजनाथला तर अजून कुणी विचारलेलंच नाही. दिवाणजीलाही बोलवावं लागेल. काय सांगावं, त्या दिवशी तेही कुणाच्या तरी कढईला गेले असतील."

हशा पिकला, पण दगडोबा बसले. बसवराजने माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं. असल्या माणसाची कृतज्ञता म्हणजे अंगावर पाल पडल्यासारखं होतं, पण इलाज नव्हता.

सटवाजीचा निकाल दगडोबांनी आणि दोन्ही संचालकांनी मिळून ठरवला. सकारण, लेखी. शेवटी दगडोबांनी एक वाक्य घालायला लावलं: 'हा निकाल ज्या भोंग्यावरून आरोप झाला त्याच भोंग्यावरून सचिवांनी पूर्ण वाचून दाखवावा.' हे मला अर्धन्यायिक वाटलं नाही, प्रशासकीयही वाटलं नाही. शिक्षाच वाटली. आणि मला कुणी नोटीस दिली नव्हती. पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माइक हातात घेतला. समोर तेच आवार, तशाच वर झालेल्या माना. माझा आवाज पहिल्यांदाच मला आवडला नाही. मी वाचलं: "तक्रारीच्या दिवशी तोलार सटवाजी हे काट्यावर नव्हते. ते सचिवांच्या घरी, सचिवांच्याच बोलावण्यावरून, हुग्गीची कढई उतरवत होते. ही बाब सचिवांना माहीत असूनही त्यांनी विचारणा केली नाही. सबब आरोप शाबीत होत नाही." पुढे स्वतःचं काही जोडायची सवय उसळून आली. या वेळी जोडलं ते एवढंच: "सटवाजी, माझं चुकलं."

टाळ्या पडल्या नाहीत. शिट्टी नाही. कुठेतरी एक पोतं काट्यावर आपटल्याचा आवाज आला. वैजनाथ पुन्हा माल घेऊन आला होता आणि त्याने आपली गाडी सटवाजीच्या काट्यासमोर लावली होती. साखराबाई खराटा टेकवून उभी राहून बघत होती.

मी माइक खाली ठेवला, पण बंद करायला विसरलो. भोंग्यातून सगळ्या आवाराला ऐकू गेलं. माझ्या खोलीची काच हलली.

"लाभ!"